मदतनीस बाईचा पगार आणि सीएसआर समिती

आमचा ट्रस्ट छोटा आहे. ऊसतोड कामगारांच्या तळांवर हंगामापुरती मुलांची केंद्रं चालवणं हे आमचं काम. तीन ते बारा वर्षांची मुलं, आईबाप पहाटेच फडात गेलेले, आणि कोपीत मागे उरलेली ही पोरं दिवसभर एकमेकांच्या भरवशावर. इतकी वर्षं ओळखीच्या लोकांच्या देणग्यांवर दोन केंद्रं कशीबशी चालत होती. गेल्या हंगामात तिसरा तळ घ्यायचा ठरला आणि पहिल्यांदाच एका कंपनीच्या सीएसआर समितीकडे, म्हणजे सामाजिक कामावरचा खर्च ठरवणाऱ्या समितीकडे, रीतसर प्रस्ताव पाठवला. ट्रस्टची कोषाध्यक्ष मी, त्यामुळे अंदाजपत्रक माझ्याकडे आलं. त्या अंदाजपत्रकाचं पुढे काय काय झालं ते इथे लिहिते. आमच्याएवढ्याच संस्थांना त्यातलं काही उपयोगी पडेल.

कंपनीचा कारखाना आमच्याच जिल्ह्यात आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ते करताना आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही त्याच कलमात म्हटलेलं आहे. म्हणून आम्ही मुंबईतल्या मोठ्या नावांच्या मागे न लागता जवळच्या कंपनीचं दार ठोठावलं.

कागदपत्रांवर फार वेळ घालवत नाही. आयकर सवलतीची १२अ आणि ८०जी नोंदणी आमच्याकडे होती. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, तोही घेतलेला होता. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दिले. सारखंच काम किमान तीन वर्षं केल्याचा पुरावा लागतो, तोही दिला. अडलं ते धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या नोंदीवर. परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर आमच्या एका दिवंगत विश्वस्तांचं नाव अजून होतं, कारण बदल अर्जाचा निकाल लागलेला नव्हता. कंपनीच्या विधी विभागाने नेमकं तेच विचारलं. आम्ही अर्जाची पोच, सुनावणीच्या तारखा आणि सध्याच्या विश्वस्तांचा सह्यांसह ठराव दिला, आणि ते चाललं. जुन्या ट्रस्टांमध्ये ही अडचण सर्रास असते. प्रस्तावाला हात घालण्याआधीच तो उतारा काढून बघावा.

आता अंदाजपत्रक. तीन केंद्रं, मिळून नव्वद मुलं, नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा महिने, महिन्याला पंचवीस दिवस. समन्वयक मात्र ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, कारण तळ बसायच्या आधी मुकादमांना आणि जमीनमालकांना भेटावं लागतं आणि तळ उठल्यावर मुलांच्या नोंदी त्यांच्या गावच्या शाळांपर्यंत पोहोचवाव्या लागतात. पहिल्या मसुद्यात आकडे असे होते:

तीन शिक्षिका, दरमहा १२,००० : २,१६,०००
तीन मदतनीस, दरमहा ७,००० : १,२६,०००
एक समन्वयक, दरमहा २०,००० : १,६०,०००
मुलांचा खाऊ, रोज १५ रुपये : २,०२,५००
शिकवण्याचं साहित्य, मुलामागे ६०० : ५४,०००
केंद्राची उभारणी, प्रत्येकी २५,००० : ७५,०००
समन्वयकाचा प्रवास : २०,०००
शिक्षिकांचं प्रशिक्षण : १८,०००
आरोग्य तपासणी : २१,०००
सुरुवातीची आणि शेवटची चाचणी : १२,०००
हिशेबनीस, लेखापरीक्षण, कार्यालय : ५१,०००
एकूण : ९,५५,५००

उभारणी म्हणजे बांबू, ताडपत्री, सतरंज्या, कुलपाची पेटी आणि पाण्याचा फिल्टर. हे दर जीएसटी धरून लावले होते. दुकानदार कोटेशनवर कर वेगळा दाखवतो आणि घाईत माणूस मूळ किंमतच उचलतो. आमच्यासारख्या ट्रस्टला त्या कराची वजावट कुठेच मिळत नाही, म्हणजे तो खर्चच असतो. अंदाजपत्रकात तो धरला नाही, तर हंगामाच्या मध्यावर ट्रस्टच्या खिशातून भरावा लागतो.

प्रस्ताव गेल्यावर कंपनीच्या सीएसआर विभागातल्या मॅडमचा फोन आला. बाई मनापासून काम करणाऱ्या होत्या, पण समितीपुढे काय टिकतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, ‘‘ताई, निम्म्याहून जास्त पैसा पगारात जातोय. समिती हे बघूनच थांबेल. तीन मदतनीस काढून टाका ना. सव्वा लाख वाचतील, त्यात तिन्ही केंद्रांना टॅब आणि एक-एक मोठा स्क्रीन येईल. फोटोतही दिसतं.’’

पगाराचं प्रमाण खरंच साडेबावन्न टक्के होतं. पण ज्या मदतनीस बाईला काढायचं म्हणत होते, तिच्याच जोरावर ही केंद्रं उभी आहेत. तळावर नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या कडेला दीड-दोन वर्षांचं भावंड असतं. आई फडात गेली की बाळ तिचं. केंद्रात त्या बाळाला कुणी सांभाळणार नसेल, तर ती मुलगी येतच नाही. आली तरी दारात बसते आणि बाळ रडलं की उठून जाते. आम्ही आधीच्या हंगामातलं हजेरीपुस्तक काढलं. एका तळावरची मदतनीस आजारी पडून दीड महिना आली नव्हती. त्या दीड महिन्यात मुलग्यांची हजेरी जवळजवळ तशीच राहिली होती आणि मोठ्या मुलींच्या रकान्यांत गैरहजेरीच्या रेघाच रेघा. त्या पानाची प्रत मी प्रस्तावाला जोडली. टॅबबद्दल फक्त एक ओळ लिहिली: तळावर वीज नाही आणि रात्री सामान ठेवायला पक्की खोली नाही.

मात्र नुसतं पटवून भागणार नव्हतं, अंदाजपत्रकाची मांडणीच बदलायला हवी होती. पगार, प्रवास, साहित्य अशी खर्चाच्या प्रकारांनुसार यादी केली, की वाचणाऱ्याला ‘पगार’ हा एक फुगलेला आकडा दिसतो आणि त्या पैशाने काय होतं ते दिसत नाही. म्हणून तेच आकडे कामानुसार लावले. पहिला भाग, केंद्रातलं रोजचं शिक्षण आणि लहान मुलांचा सांभाळ: त्यात शिक्षिका, मदतनीस, खाऊ, साहित्य, उभारणी. दुसरा भाग, केंद्रांची देखरेख, प्रशिक्षण आणि मुलांच्या नोंदी: त्यात समन्वयक, प्रवास, चाचण्या. तिसरा, हिशेब आणि कार्यालय. पगार कुठेही लपवला नाही. प्रत्येक भागाखाली पद, महिने आणि दर उघड लिहिले. फरक इतकाच की शिक्षिकेचे १२,००० आता ती ज्या वर्गात शिकवते त्या वर्गाच्या खर्चात दिसू लागले.

याला आधारही होता. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सीएसआरविषयीच्या प्रश्नोत्तरांचं परिपत्रक काढलं. शिक्षणाच्या प्रकल्पातल्या शिक्षकांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे, प्रशासकीय खर्च नव्हे, असं त्यात स्पष्ट केलेलं आहे. मी त्या परिपत्रकाचा उल्लेख मांडणीच्या खाली टीप म्हणून दिला.

दुसरा वाद पाच टक्क्यांचा. कंपनीच्या छापील नमुन्यात लिहिलं होतं की संस्थेचा प्रशासकीय खर्च अनुदानाच्या पाच टक्क्यांवर चालणार नाही. आमचे ५१,००० म्हणजे ५.३ टक्के. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा मुळात कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. सीएसआर विभाग चालवायला कंपनी तिच्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांहून जास्त दाखवू शकत नाही. बऱ्याच कंपन्या तीच मर्यादा संस्थांना लावतात. तो त्यांचा अंतर्गत नियम असतो, कायद्याचा नव्हे. मी हे मॅडमना सांगितलं, पण त्यावर ताणून धरलं नाही, कारण नमुना बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. त्याऐवजी ५१,००० फोडून दाखवले. त्यातले १५,००० सनदी लेखापालांच्या फीचे होते. याच प्रकल्पाचं विनियोग प्रमाणपत्र देण्यासाठी ती फी लागते, आणि ते प्रमाणपत्र मागणारी कंपनीच होती. ही रक्कम देखरेखीच्या भागात गेली. उरले ३६,००० : अर्धवेळ हिशेबनीस दरमहा ३,००० आणि फोन, छपाई, कार्यालय मिळून दरमहा १,५००, आठ महिने. चार टक्क्यांच्या आत.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. हिशेबनीसाचा पगार शून्य दाखवून ‘आमचा सगळा पैसा मुलांपर्यंत जातो’ असं लिहिणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. मग पावत्या रात्री कुणीतरी विश्वस्त लावत बसतो, जानेवारीचा अहवाल मार्चमध्ये जातो आणि दुसरा हप्ता अडकतो. हप्ता अडकला की पहिला फटका शिक्षिकेच्या पगाराला. ते ३,००० रुपये मुलांसाठीच असतात.

समितीच्या बैठकीत तीन संचालक होते, त्यातले एक स्वतंत्र संचालक. सादरीकरणाला थोडाच वेळ होता, पण प्रश्न चांगले आले. स्वतंत्र संचालकांनी विचारलं, ‘‘सहा वर्षांवरच्या मुलांना शाळेत घालणं सरकारचं काम आहे. तुम्ही समांतर शाळा कशाला चालवता?’’ मी म्हटलं, ‘‘सर, समांतर नाही चालवत. सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचं नाव आम्ही जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घालतो. ज्या तळापासून शाळा चालत जाण्याजोगी आहे, तिथली मुलं सकाळी शाळेत जातात आणि दुपारी केंद्रात येतात. ऊस जिथे पिकतो तिथे तळ पडतो, त्यामुळे शाळा लांब असली तर अभ्यास केंद्रातच होतो. जाताना मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक जावं, म्हणजे गावच्या शाळेत त्याला पुन्हा त्याच्या इयत्तेत बसता यावं, याचा पाठपुरावा समन्वयक करते. तिचे एप्रिल-मेचे पैसे त्यासाठी आहेत.’’

दुसऱ्या संचालकांनी मुलामागे खर्च विचारला. एकूण रकमेला नव्वदने भागलं तर साडेदहा हजारांच्या थोडं वर येतो. तो सांगितला, पण लगेच हेही सांगितलं की नव्वद हा आकडा कागदावर स्थिर दिसतो, तळावर तसा नसतो. टोळी मध्येच दुसऱ्या कारखान्याकडे वळते, नवी टोळी येते. म्हणून आम्ही ‘नव्वद मुलं शिकवू’ असा शब्द देत नव्हतो. आम्ही मोजणार होतो बालक-दिवस: एक मूल एक दिवस केंद्रात आलं की एक. पूर्ण क्षमता १३,५०० बालक-दिवस, म्हणजे दिवसाला मुलामागे साधारण ७१ रुपये. हे माप हजेरीपुस्तकावरून कुणालाही तपासता येतं आणि खाऊचा खर्चही त्याला थेट बांधलेला राहतो. त्या संचालकांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्यांनी कात्री लावली ती आरोग्य तपासणीला. ‘‘प्राथमिक आरोग्य केंद्राचं पथक हे विनामूल्य करतं, ते बोलवा,’’ म्हणाले. म्हणणं रास्त होतं. २१,००० कमी झाले आणि ९,३४,५०० मंजूर झाले. मदतनीस तिघीही राहिल्या.

मला सगळ्यात जड गेला तो करारातला हप्त्यांचा मुद्दा. त्यांच्या नमुन्यात चाळीस-चाळीस-वीस असं होतं. शेवटचे वीस टक्के सगळा खर्च दाखवल्यावर. आमच्या कामाचा खर्च महिन्यांत सारखा वाटलेला नसतो. उभारणी, साहित्य, प्रशिक्षण सगळं आधी लागतं. मी ऑक्टोबरपासून महिनावार तक्ता केला. जानेवारीअखेर खर्च येत होता ५,३३,२५० आणि पहिल्या हप्त्यात मिळणार होते ३,७३,८००. मधले सुमारे एक लाख साठ हजार आम्ही आणायचे कुठून? मोठी संस्था दुसऱ्या खात्यातून तात्पुरते वळवते. आमच्याकडे दुसरं खातंच नाही.

त्यात ३१ मार्च आडवा येत होता. कंपनीच्या वित्त अधिकाऱ्यांना प्रकल्प मार्चअखेर संपलेला हवा होता. नुसते पैसे संस्थेकडे दिले म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला असं होत नाही. संस्थेने ते वापरले असावे लागतात आणि तसं मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. त्यामुळे त्यांची भीती समजण्यासारखी होती. पण ऊस मार्चला संपत नाही. बरेच तळ एप्रिलमध्ये उठतात आणि शेवटची चाचणी, पत्रकं हे सगळं तेव्हाच होतं.

वाट नियमातच होती. वर्षाच्या पुढे जाणारा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून संचालक मंडळाने मंजूर केला, तर न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत कंपनीच्या वेगळ्या अखर्चित सीएसआर खात्यात ठेवता येते आणि तिथून पुढच्या वर्षी देता येते. आधीच तशी नोंद नसेल, तर तीच रक्कम सहा महिन्यांत कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या एखाद्या सरकारी निधीत जाते. म्हणजे ठरावातल्या दोन शब्दांवर आमचा एप्रिल अवलंबून होता. मी वित्त अधिकाऱ्यांना महिनावार तक्ता दाखवला आणि टक्क्यांऐवजी टप्प्यांनुसार हप्ते सुचवले: जानेवारीअखेरपर्यंतचे ५,३३,२५०, फेब्रुवारी-मार्चचे २,३५,५००, आणि एप्रिल-मेचे १,६५,७५० नव्या आर्थिक वर्षात. असं केलं की ३१ मार्चला आमच्याकडे मोठी शिल्लक पडून राहत नव्हती आणि त्यांना प्रमाणपत्र द्यायला अडचण नव्हती. त्यांनी तक्ता दोन दिवस ठेवून घेतला आणि मग होकार कळवला. ठरावात ‘चालू प्रकल्प’ हे शब्द आले का, ते मी सहीची प्रत मागवून वाचून घेतलं.

करारात आणखी एक कलम मी मागून घेतलं: एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात दहा टक्क्यांपर्यंत रक्कम कळवून वळवता यावी, त्याहून जास्त असेल तर लेखी परवानगीने. त्याची गरज जानेवारीतच पडली. एका तळावरची जवळजवळ सगळी टोळी तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कारखान्याकडे गेली. उभारणी आम्ही मुद्दाम मोडून नेता येईल अशीच केली होती. जागा दुसऱ्याची असते, जमीनमालकाचं संमतिपत्र हंगामापुरतंच असतं आणि पक्कं काही बांधलं तर ते कुणाच्या मालकीचं हा नवा प्रश्न उभा राहतो. बांबू, ताडपत्री, पेटी टेम्पोत टाकून केंद्र टोळीमागे गेलं. शिक्षिका त्याच भागातली असल्याने तिला रोज जाता आलं. मदतनीस मात्र नवी शोधावी लागली, आणि ती मिळेपर्यंतच्या दिवसांत मोठ्या मुली पुन्हा दारात बसलेल्या दिसल्या. हलवण्याचा आणि पुन्हा उभारण्याचा खर्च ९,५०० आला. तो खाऊच्या शीर्षातून घेतला, कारण हजेरी क्षमतेच्या ऐंशी टक्के भरत होती आणि तिथे रक्कम उरणार हे दिसत होतं.

हंगामअखेर बालक-दिवस भरले १०,८००. खाऊवर १,६२,००० खर्च झाले, म्हणजे त्या शीर्षात ४०,५०० वाचले. केंद्र हलवण्याचे ९,५०० वजा जाता ३१,००० उरले. ते दुसरीकडे कुठेतरी खर्च करून शून्य दाखवावं, असं एका विश्वस्तांनी सुचवलं होतं. शिल्लक दिसली तर पुढच्या वर्षी कमी देतील ही त्यांची काळजी होती. मी शिल्लक तशीच दाखवली, शेजारी बालक-दिवसांचा आकडा आणि टोळी हलल्याची तारीख लिहिली. कंपनीने तेवढी रक्कम तिसऱ्या हप्त्यातून वळती केली आणि १,३४,७५० खात्यात जमा केले. पुढच्या हंगामाच्या प्रस्तावात मी क्षमता नव्वदच ठेवली आहे, खाऊ मात्र ऐंशी टक्के हजेरीवर धरला आहे, आणि वाचलेल्या पैशात प्रत्येक तळासाठी एक राखीव मदतनीस गरजेच्या दिवसांपुरती मागितली आहे.